जाड कडांचा मायनस नंबर: आधी फ्रेम, मग काच

गेल्या महिन्यात माझी भाची दुकानात आली. इंदूरमध्ये राजवाड्याजवळ माझा चष्म्याचा काउंटर आहे, आणि घरातलं कुणी आलं की आधी चहा, मग चष्मा. तिने मात्र चहा बाजूला सारला आणि चष्माच माझ्या हातात ठेवला. "मावशी, सगळ्यात पातळ काच सांगितली होती गं. इतके पैसे भरले, आणि ही बघ कड!"

नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस ८. काच खरंच १.६७ इंडेक्सची; हा आकडा जितका मोठा तितकी त्याच नंबराची काच पातळ. पाकीटही तिने जपून ठेवलं होतं. फसवणूक कुणी केलेली नव्हती. कॅलिपर लावला तर कानाकडची कड पावणेआठ मिलिमीटर भरली. मोठी गोल धातूची फ्रेम, आणि तिच्यातून बाहेर आलेली ती पांढरट कड. दांडी मिटताना त्या कडेवरच अडत होती.

चूक काचेची नव्हती, फ्रेमच्या निवडीची होती. मापं न बघता आवडली ती फ्रेम घेतली, मग जाडी कमी करायला महाग काच शोधली. मायनस ५ च्या पुढे क्रम असा: आधी मापाने फ्रेम निवडायची, मग काच. भाचीच्याच चष्म्यावरून तो नीट सांगते.

पहिलं काम: फ्रेमच्या दांडीवरचे आकडे वाचा

मायनस काच मध्यभागी पातळ आणि कडेला जाड असते. मध्यापासून जितकं दूर जाल तितकी ती जाड होत जाते, आणि हे वाढणं सरळ नाही, वर्गाच्या हिशेबाने आहे. अंतर सव्वापट झालं तर जाडीची वाढ दीडपटीच्याही वर जाते. म्हणून फ्रेम चार-पाच मिलिमीटर मोठी घेतली तरी कड इतकी अंगावर येते.

दांडीच्या आतल्या बाजूला ५४-१८-१४० असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची, तिसरा दांडीची लांबी. पहिल्या दोघांची बेरीज केली की फ्रेमच्या दोन काचांच्या मध्यांमधलं अंतर मिळतं. भाचीच्या जुन्या फ्रेममध्ये ते ५४ आणि १८ मिळून ७२ होतं.

आता पीडी, म्हणजे तुमच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर. नंबराच्या कागदावर ते बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं, मागून घ्यावं लागतं. शक्यतो दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं घ्या, कारण नाक अगदी मधोमध असतंच असं नाही. भाचीचं एकूण ६२, दोन्ही बाजूंना ३१-३१.

७२ मधून ६२ गेले, राहिले १०. म्हणजे प्रत्येक काचेचा ऑप्टिकल मध्य ५ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागला. ५४ च्या काचेची निम्मी रुंदी २७, त्यात हे ५ मिळवले की मध्यापासून कानाकडची कड ३२ मिलिमीटरवर येते. जाडीचा सगळा खेळ या ३२ मध्ये आहे.

मग आम्ही दुसरी फ्रेम काढली. तीही गोलच, कारण गोलच हवी हा तिचा हट्ट होता, पण ४६-२० ची आणि अॅसिटेट या जाड प्लॅस्टिकची. बेरीज ६६, पीडी ६२, सरकवणं फक्त २. निम्मी रुंदी २३ अधिक २, म्हणजे कड २५ मिलिमीटरवर. ३२ चे २५ झाले, आणि काचेवर अजून एक रुपयाही खर्च झाला नव्हता.

लहान फ्रेम रुंद चेहऱ्यावर चिमटल्यासारखी दिसेल, अशी भीती सगळ्यांनाच असते. त्यासाठी काच लहान पण पूल रुंद आणि बिजागरीजवळचे कोपरे भरदार अशी फ्रेम शोधा. चेहऱ्याची रुंदी फ्रेमने भरून काढायची, काचेने नाही. फक्त पूल नाकावर नीट टेकतो ना, हे बघा. रुंद पुलाची फ्रेम सारखी घसरत असेल तर तिचा उपयोग नाही.

दुसरं काम: कडेची जाडी आधीच काढा

घरी बसून जमण्यासारखा हिशेब आहे. मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराचा वर्ग करा, त्याला नंबराने गुणा, २००० ने भागा. आलेल्या उत्तराला पुन्हा (इंडेक्स वजा १) ने भागा. शेवटी काचेची मधली जाडी मिळवा. मधली जाडी साध्या प्लॅस्टिकमध्ये साधारण २ मिलिमीटर धरा, पॉलीकार्बोनेटमध्ये दीड, हाय इंडेक्समध्ये १.१ ते १.३.

भाचीच्या जुन्या चष्म्याचं करून बघू. ३२ चा वर्ग १०२४, गुणिले ८ म्हणजे ८१९२, भागिले २००० म्हणजे जवळजवळ ४.१. इंडेक्स १.६७, तेव्हा ०.६७ ने भागलं की ६.१. मधली १.२ मिळवली, ७.३ मिलिमीटर. प्रत्यक्षात ७.७ च्या आसपास भरली. हा हिशेब वक्रतेला थोडं सरळ धरतो, म्हणून मोठ्या नंबराला खरी जाडी नेहमी जराशी जास्त निघते. तुलना करायला मात्र तो पुरेसा आहे.

आता २५ मिलिमीटरच्या लहान फ्रेमसाठी तेच. साध्या प्लॅस्टिकमध्ये कड ७.० येते, पॉलीकार्बोनेटमध्ये ५.८, १.६० मध्ये ५.५, १.६७ मध्ये ४.९ आणि १.७४ मध्ये ४.५.

हे आकडे कागदावर मांडल्यावर भाची बराच वेळ त्याकडे बघत राहिली. लहान फ्रेममधली सगळ्यात स्वस्त साधी काच ७.०, आणि तिच्या मोठ्या फ्रेममधली महाग १.६७ ची ७.३. फ्रेम बदलली असती तर साध्या काचेनेही तिची कड आहे त्यापेक्षा बारीकच निघाली असती.

दुसरी गोष्टही याच आकड्यांत आहे. साध्यावरून १.६० वर गेलात की दीड मिलिमीटर वाचतो. १.६० वरून १.६७ वर गेलात की ०.६. तिथून १.७४ वर गेलात की फक्त ०.४. पैसे मात्र पुढच्या प्रत्येक पायरीला भराभर चढतात. लहान फ्रेम असेल तर १.७४ घ्यायचं कारण मला मायनस १० च्या आत क्वचितच सापडतं.

तुमच्या कागदावर सिलिंडरचा नंबरही असेल तर एक काळजी घ्या. मायनस ६ स्फिअर आणि मायनस २ सिलिंडर असेल तर काच एका दिशेने ६ ची आणि तिच्या काटकोनात ८ ची असते. ॲक्सिस ९० च्या जवळ असेल तर ते ८ आडवे पडतात, म्हणजे कानाकडची कड जाड होते. ॲक्सिस १८० च्या जवळ असेल तर जाडी वर-खाली जाते, आणि तिथे फ्रेमची उंची कमी ठेवली की ती बरीच आटोक्यात येते.

तिसरं काम: काच निवडा, आणि फक्त जाडीवर निवडू नका

साधं प्लॅस्टिक म्हणजे सीआर-३९. कोलंबिया रेझिनचा ३९ वा नमुना, म्हणून हे नाव. इंडेक्स १.५०, म्हणून जाड. पण नजर याच्यातून सगळ्यात स्वच्छ. काच प्रकाशातले रंग किती कमी फोडते हे सांगणारा एक आकडा असतो, त्याला ॲबे नंबर म्हणतात, आणि तो जितका मोठा तितका चांगला. सीआर-३९ चा ५८ आहे. पॉलीकार्बोनेटचा ३०. १.६० ची जी एमआर-८ नावाची सामग्री आहे तिचा ४१, आणि १.६७ व १.७४ चे ३२-३३ च्या घरात.

मायनस २ वाल्याला हा फरक जाणवणारही नाही. मायनस ८ वाल्याला जाणवतो. त्याने मध्यापासून १० मिलिमीटर बाजूने पाहिलं की तिथे काच ८ प्रिझमइतका प्रकाश वळवते, आणि रंग किती फाकतील ते या ८ ला ॲबेने भागून कळतं. साध्या काचेत ०.१४, १.६० मध्ये ०.२०, १.६७ मध्ये ०.२५, पॉलीकार्बोनेटमध्ये ०.२७. साधारण ०.१ च्या पुढे डोळ्याला तो जाणवू लागतो असं धरतात. ट्यूबलाइटच्या एका कडेला निळी आणि दुसरीला पिवळट-तांबूस रेघ दिसते, आणि पांढऱ्यावरची काळी अक्षरं बाजूने पाहिली की पुसट होतात. भाचीला वर्गात पडद्याच्या कोपऱ्यातलं वाचताना नेमकं हेच होत होतं. नंबर वाढला असेल असं समजून ती दोनदा डोळे तपासून आली होती. नंबर तोच होता.

म्हणूनच पॉलीकार्बोनेट "पातळ काच" म्हणून मायनस ८ ला कुणी देऊ केलं तर मी थांबवते. १.५८६ इंडेक्समुळे ती जवळजवळ १.६० इतकी पातळ होते हे खरं, पण १.६० मध्ये तीच जाडी मिळून नजर कितीतरी स्वच्छ राहते. पॉलीकार्बोनेटची खरी ताकद म्हणजे तिचा न फुटण्याचा गुण. ती सीआर-३९ पेक्षा हलकीही आहे. लहान मूल, क्रिकेट खेळणारा मुलगा, किंवा ज्याच्या एकाच डोळ्याला धड दिसतं असा माणूस आला तर मी बिनदिक्कत तीच देते, कारण तिथे रंगाच्या रेघेपेक्षा डोळा वाचणं मोठं. पिथमपूरच्या कारखान्यात मशीनवर काम करणाऱ्यांनी मात्र साध्या फ्रेममधल्या पॉलीकार्बोनेटवर विसंबू नये. त्यांना प्रमाणित सुरक्षा चष्माच लागतो, फ्रेमसकट.

पॉलीकार्बोनेट मऊ असते, हार्ड कोट नसेल तर लगेच ओरखडते. आणि नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन तिला लागलं तर ती कायमची धुरकट होते. हे घरातल्या मुलींना आवर्जून सांगा.

ट्रायव्हेक्स नावाची आणखी एक काच आहे. तीही सहज फुटत नाही, आणि नजर पॉलीकार्बोनेटपेक्षा बरीच चांगली देते. पण इंडेक्स १.५३, त्यामुळे मोठ्या मायनसला कड पुन्हा जाड. लहान मुलाचा नंबर मायनस ५-६ असेल आणि फ्रेम छोटी असेल तर विचारून बघा.

माझी पसंती सांगते. मायनस ५ ते ८, फ्रेम ४८ च्या आत: १.६० ॲस्फेरिक, म्हणजे चपट्या वक्रतेची. मायनस ८ ते ११: १.६७. त्याच्या पुढे किंवा फ्रेम मोठीच हवी असेल तर १.७४, रंगाची रेघ दिसणार हे आधी मान्य करून. रिमलेस किंवा सुप्रा, म्हणजे खालून फक्त बारीक दोऱ्याने काच धरणारी फ्रेम, मोठ्या मायनसला घेऊच नये असं माझं मत आहे. तिथे कड झाकायला काहीच नसतं. तरी कुणी हट्टच धरला तर १.६०, कारण भोक पाडल्यावर तडकण्याच्या बाबतीत ती चांगली टिकते, सीआर-३९ टिकत नाही.

चौथं काम: ऑर्डर देताना चार वाक्यं बोला

एक, कोटिंग. इंडेक्स वाढला की काचेवरून परत फिरणारा प्रकाशही वाढतो. साध्या काचेच्या एका पृष्ठावरून ४ टक्के, १.६७ च्या एका पृष्ठावरून ६ टक्क्यांहून जास्त, १.७४ च्या ७ टक्क्यांहून जास्त. म्हणून हाय इंडेक्स काच एआरसी, म्हणजे हा परतणारा प्रकाश कमी करणारं कोटिंग, नसलेली घेऊ नका.

दोन, फ्रेमच्या खाचेत बसणारी धार काचेच्या पुढच्या अंगाला काढायला सांगा. म्हणजे जादा जाडी मागे, गालाकडे जाते आणि समोरून दिसत नाही. धातूच्या बारीक फ्रेमपेक्षा जाड अॅसिटेट यासाठी बरी, कारण पाच-सहा मिलिमीटरमधला मोठा भाग ती स्वतःच झाकते.

तीन, मागची कड थोडी उतरवून घ्या. नाकाकडे तर नक्कीच, नाहीतर नोजपॅड काचेच्या कडेला टेकतात आणि हवे तसे वळवता येत नाहीत. कड पॉलिश करायची का, हे तुमच्या आवडीवर. पॉलिशने ती पारदर्शक दिसते, पण समोरून काचेत गोल गोल कड्या जास्त दिसू शकतात. मला मोठ्या नंबराला मंद, न चकाकणारी कड आवडते.

चार, काचेचं पाकीट मागून घ्या. त्यावर इंडेक्स, नंबर आणि व्यास लिहिलेला असतो.

पाचवं काम: चष्मा हातात आल्यावर तपासा

दुकानात लेन्सोमीटरवर नंबर दाखवायला सांगा, कॅलिपरने कड मोजून घ्या आणि तुमच्या हिशेबाशी ताडा. भाचीच्या नव्या १.६० ची कड हिशेबाने ५.५ होती, मोजल्यावर ५.७ भरली. तीच काच ७ भरली असती तर मी फिटिंगवाल्याला परत पाठवून विचारलं असतं की पाकीट कुठलं वापरलं.

मध्य बरोबर बसलाय का, हे घरी कळतं. चष्मा हातभर लांब धरा आणि काचेतून दाराच्या चौकटीची उभी रेघ बघा. काच डावी-उजवीकडे सरकवा. एका जागी काचेच्या आतली रेघ आणि काचेबाहेरची रेघ सलग जुळते. तिथे स्केचपेनने ठिपका द्या. दुसऱ्या काचेचंही तसंच करा आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर पट्टीने मोजा. ते तुमच्या पीडीइतकं यायला हवं. मायनस ८ ला एकूण ३ मिलिमीटर चुकलं तर डोळ्यांवर २.४ प्रिझमचा फुकटचा ताण पडतो: संध्याकाळी डोकं धरणं, वाचताना ओढ बसणं. आठवडाभरात सवय होईल असं कुणी म्हटलं तर आधी हे ठिपके काढून बघा.

पॉलीकार्बोनेट मागितली आणि तीच दिली का, हेही बघता येतं. लॅपटॉपचा एलसीडी पडदा पूर्ण पांढरा करा. पोलरॉइड गॉगल डोळ्यासमोर धरून तो पडदा काळा पडेपर्यंत फिरवा. मग चष्मा मध्ये धरा. पॉलीकार्बोनेटमध्ये साच्यातला ताण इंद्रधनुषी पट्ट्यांसारखा सगळ्या काचेभर दिसतो. सीआर-३९ आणि एमआर-८ बहुधा निवांत असतात. त्यांच्यात रंग फक्त कडेला दिसले तर काच फ्रेममध्ये फार घट्ट बसवली आहे, ती थोडी घासून घ्यायला सांगा.

घरी नेल्यावर

मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवू नका. उन्हात प्लॅस्टिक जितकं फुगतं तितकं त्यावरचं कोटिंग फुगत नाही, आणि कोटिंगला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तडा जातात. त्या पुसून जात नाहीत. गरम पाण्याने धुणंही त्याच कारणाने टाळा. साधं पाणी आणि साबणाचा एक थेंब पुरतो.

भाचीने निघताना एक प्रश्न विचारला, जो बहुतेक मोठ्या नंबराचे लोक विचारतात: डोळे आता मोठे दिसतील ना? नाही. मायनस काचेमागे डोळा लहान दिसतो तो नंबरामुळे आणि काच डोळ्यापासून किती दूर आहे त्यामुळे. १.७४ घेतल्यानेही त्यात जाणवेल असा फरक पडत नाही. चष्मा डोळ्यांच्या जितका जवळ बसेल तितका थोडा फरक पडतो, आणि त्याचा आणखी एक फायदा आहे. घामाने घसरून चष्मा ३ मिलिमीटर पुढे आला की मायनस ८ ची काच डोळ्याला मायनस ७.८ सारखीच वाटते. दूरचं जरा पुसट होतं, मग माणूस बोटाने चष्मा वर ढकलतो, दिवसभर.

म्हणून तिच्या दांड्या मी गरम हवेवर नरम केल्या, कानामागचं वळण अर्धा सेंटिमीटर आधी घेतलं, आणि तिला मान खाली करून जोरात हलवायला सांगितली. पहिल्यांदा चष्मा थोडा सरकला. वळण आणखी एकदा घट्ट केलं. दुसऱ्यांदा हलला नाही, तेव्हा कुठे तिने गार झालेला चहा घेतला.